शब्द हिंदी की वाक्य हिंदी?

'मराठीवर हिंदीचे आक्रमण' हा विषय आपल्या मंडळांत दर दोन-तीन वर्षांनी निघतोच. निघाला की दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या खिशात शब्दांची यादी तयार असते. 'मदत' नको, 'साहाय्य' म्हणा. 'मजा' नको, 'गंमत' म्हणा. 'दोस्त' नको, 'मित्र' म्हणा. दुसरा पक्ष उदार असतो. भाषा वाहती नदी आहे, तिला बांध कशाला घालता, असे म्हणून तो चहाचा कप उचलतो आणि विषय संपतो.

मला यातला कोणताच पक्ष पटलेला नाही. दोन्ही पक्ष शब्दांकडे पाहतात आणि वाक्याकडे कोणीच पाहत नाही, ही माझी तक्रार आहे. परके शब्द मराठीने शेकडो वर्षे पचवले आहेत आणि त्यांनी तिचे काही बिघडलेले नाही. बिघडते ते वेगळ्याच ठिकाणी. शब्द सगळे अस्सल मराठी असतात, पण त्यांची जुळणी हिंदीची असते. अशी वाक्ये कानाला खटकत नाहीत, म्हणून यादीवाल्यांच्या हातून ती निसटतात. आणि 'सगळे चालते' म्हणणाऱ्यांना हे कळत नाही की त्या जुळणीबरोबर मराठीतला एखादा उपयोगी अर्थभेद कायमचा जातो आहे. आजचा लेख या निसटणाऱ्या वाक्यांबद्दल आहे.

प्रथम पचलेल्या शब्दांकडे पाहू, कारण खरी कसोटी तिथेच सापडते.

'दुकान' हा शब्द घ्या. तो फारसीतून आला. हिंदीतही आहे, मराठीतही आहे. पण हिंदीत तो स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत नपुंसकलिंगी. हिंदी माणूस 'बड़ी दुकान' म्हणतो, आपण 'मोठे दुकान' म्हणतो. 'जहाज' आणि 'वजन' हिंदीत पुल्लिंगी आहेत. आपण 'मोठे जहाज' आणि 'वजन वाढले' म्हणतो. हिंदीत नपुंसकलिंगच नाही. म्हणजे हे शब्द मराठीत आले तेव्हा त्यांना इथे तिसरे लिंग मिळाले, जे हिंदीकडे द्यायलाच नव्हते. त्याबरोबर आपले सामान्यरूपही आले: दुकान, दुकानात, दुकानाला, दुकानाचा. 'कुर्सी'ची तर आपण 'खुर्ची' केली आणि तिच्यावर इतकी वर्षे बसलो आहोत की ती आपली नव्हती हे कोणाला आठवतही नाही.

हे शब्द काढून टाकण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. तिचे काही शब्द आज आपण सहज वापरतो. तरी त्या चळवळीचा 'दिनांक' अर्जावर छापला जातो आणि तोंडाने मात्र आपण 'आज तारीख किती?' असेच विचारतो. दोन्ही राहिले, दोघांनी आपापली जागा वाटून घेतली. यात मराठीचे नुकसान झालेले मला दिसत नाही. ('नुकसान' हाही बाहेरूनच आलेला शब्द. पण 'नुकसान झाले', 'झाला' नव्हे. हिंदीतला पुल्लिंगी शब्द इथे नपुंसकलिंगी झाला आहे.)

यावरून पहिली कसोटी मिळते. शब्द कुठून आला हे विचारू नये. तो इथल्या व्याकरणाने वागतो का, हे विचारावे. एकच शब्द एका वाक्यात उसना आणि पचलेला असतो आणि दुसऱ्या वाक्यात निव्वळ चूक ठरतो. 'मजा आली' हे मराठी आहे. 'मजा आला' हे हिंदी आहे, कारण हिंदीत मज़ा पुल्लिंगी आहे. 'माझे वजन वाढले' हे मराठी आहे. 'माझा वजन वाढला' हे हिंदी आहे. या दोन जोड्यांत शब्द एकच आहे, म्हणून शब्दांच्या यादीला हा फरक कधीच सापडणार नाही.

उलट दिशेनेही हीच कसोटी लागू पडते. मुंबईच्या हिंदीने आपल्याकडून 'वाट लागणे' उचलले. पण ते 'वाट लग गई' असे, म्हणजे हिंदी क्रियापदाला हिंदी प्रत्यय लावून. तिथे ते त्यांचे झाले. ज्या दिवशी हिंदी माणूस 'मेरी वाट लागली' म्हणेल, त्या दिवशी त्यांच्या व्याकरणवाल्यांनी जागे व्हावे.

आता एक नमुना घेऊ. आपल्या कार्यक्रमांतून वर्षानुवर्षे ऐकलेल्या सूचनांतले तुकडे जोडून तो मी स्वतः तयार केला आहे. कोणा एका निवेदकाचा तो नाही, तेव्हा कोणी अंगाला लावून घेऊ नये.

'मंडळी, आजच्या कार्यक्रमात खूप साऱ्या मुलांनी भाग घेतला आहे. ज्यांना जेवणाचे कूपन भेटले नाही, त्यांनी दारापाशी बसलेल्या कार्यकर्त्यांना बोलावे. ते तुमची मदत करतील. मागच्या वर्षी काही लोकांसोबत असे झाले की जेवण संपून गेले, कारण की नोंदणी उशिरा झाली. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या दोस्तांनाही घेऊन या आणि बघा किती मजा येतो!'

यादीवाल्यांनी यावर लाल पेन्सिल चालवली तर 'कूपन', 'मदत', 'दोस्त' आणि 'मजा' या चार शब्दांखाली रेघा पडतील. माझ्या मते त्या चारही रेघा चुकीच्या आहेत. 'दोस्त' मराठीत जुना आहे, 'दोस्तांना' हे त्याचे मराठी रूप आहे, आणि मित्र व दोस्त यांत जी सलगीची छटा आहे तीही आपण जपली आहे. 'कूपन'ला तर दुसरा सुटसुटीत शब्दच नाही. 'भाग घेणे' हिंदीतल्या 'भाग लेना'सारखे दिसते, पण ते मराठीत इतके मुरले आहे की त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. हे सोडून उरते ते तपासू.

'तुमची मदत करतील.' मदत हा शब्द निर्दोष आहे, दोष 'तुमची'मध्ये आहे. हिंदीत मदद 'की' जाते: 'मेरी मदद करो.' मराठीत मदत कोणाला तरी केली जाते: 'मला मदत कर.' मराठीत 'तुमची मदत' याचा अर्थ तुम्ही केलेली मदत. 'तुमची मदत आम्हाला फार झाली' असे आपण आभार मानताना म्हणतो. म्हणजे एक प्रत्यय बदलला की मदत देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते. हा फरक मराठीत होता, तो 'माझी मदत कर'ने पुसून टाकला. ही मला खरी चूक वाटते, आणि तिच्यात एकही शब्द काढून टाकण्यासारखा नाही.

'कार्यकर्त्यांना बोलावे.' हिंदीत 'बोलना' हे कहण्याचेही काम करते. मराठीत या कामासाठी तीन क्रियापदे आहेत. शब्द तोंडातून काढणे म्हणजे बोलणे, अमुक एक वाक्य उच्चारणे म्हणजे म्हणणे, आणि माहिती पोचवणे म्हणजे सांगणे. आपण कोणाशी बोलतो, पण कोणाला सांगतो. 'कोणाला बोलणे' याला मराठीत स्वतंत्र अर्थ आहे, आणि तो रागावण्याचा आहे. 'आई मला बोलली' म्हणजे आईने कानउघाडणी केली. तेव्हा वरच्या सूचनेचा सरळ मराठी अर्थ असा, की ज्याला कूपन मिळाले नाही त्याने कार्यकर्त्यांना फैलावर घ्यावे. उपाशी पाहुणे तसेही ते करतात, पण मंडळाने व्यासपीठावरून आमंत्रण देण्याची गरज नाही.

मुंबईत 'तो मला बोलला की येतो' हे अनेक मराठी घरांतले रोजचे बोलणे आहे, हे मला ठाऊक आहे. मुंबईच्या बाजारात आणि लोकलमध्ये मराठी आणि हिंदी इतकी वर्षे खेटून उभ्या आहेत की कोणी कोणाला किती ढकलले हे मोजणे अवघड आहे. घरगुती बोलण्यात मी त्यावर बोट ठेवणार नाही. पण लिहिताना आणि मुलांना शिकवताना ठेवीन, कारण 'बोलली'ने 'म्हणाली' आणि 'सांगितले' या दोघांची जागा घेतली की रागावण्याचा तो नेमका अर्थ ओळखू येत नाही. इथे वाढलेली नात फोनवर आजीला सांगते, 'आई मला बोलली', आणि आजी विचारते, 'का गं, काय केलंस?' नातीने तर फक्त आईचा निरोप सांगितलेला असतो.

'काही लोकांसोबत असे झाले.' हे 'उनके साथ ऐसा हुआ'चे शब्दशः रूप आहे. सध्याच्या मालिकांत आणि बातम्यांत ते इतके ऐकू येते की त्यात काही वावगे आहे हेही पुष्कळांना वाटत नाही. 'सोबत' हा छान मराठी शब्द आहे. वाटेत सोबत असते, अंधारात सोबत लागते. सोबत म्हणजे बरोबर असणे. एखादी गोष्ट माणसाच्या सोबतीने घडत नाही, ती त्याच्या बाबतीत घडते. 'काही लोकांच्या बाबतीत असे झाले', किंवा त्याहून सोपे, 'काही लोकांचे असे झाले'.

या 'सोबत'ने आणखी एक पीडा केली आहे, ती म्हणजे 'शी' हा प्रत्यय मागे पडत चालला आहे. दोन माणसांत जे परस्पर चालते, ते मराठी 'शी'ने दाखवते: त्याच्याशी बोललो, तिच्याशी लग्न केले, शेजाऱ्याशी भांडलो, मुलांशी नीट वागा. आता 'शेजाऱ्यासोबत भांडलो' असे ऐकू येते. मराठीत याचा अर्थ असा होऊ शकतो की मी आणि शेजारी एका बाजूला होतो आणि तिसऱ्याच कोणाशी भांडलो. 'शी' आणि 'बरोबर' यांमुळे मराठीत हा घोटाळा होत नव्हता. इंग्रजीत तो होतोच, म्हणून आपल्या इथल्या मुलांवर या बाबतीत दोन्हीकडून दाब येतो. घराबाहेरची इंग्रजी आणि चित्रपटांतली हिंदी एकाच दिशेने ढकलतात आणि मधल्यामध्ये 'शी' सुटतो.

'खूप साऱ्या मुलांनी.' हिंदीत 'बहुत सारे' ठीक आहे. मराठीत 'सारे' म्हणजे सगळे. 'खूप' आणि 'सगळे' एकत्र कसे नांदणार? 'खूप मुलांनी', 'पुष्कळ मुलांनी', 'कितीतरी मुलांनी' असे तीन पर्याय हाताशी असताना चौथा उसना कशाला? तरी ही चूक मी 'तुमची मदत'च्या पंक्तीला बसवणार नाही, कारण इथे ऐकणाऱ्याचा गैरसमज होत नाही. 'कारण की' तर आणखी हलकी आहे. 'क्योंकि'च्या नादाने तो 'की' चिकटला आहे. नुसत्या 'कारण'ने काम भागते, पण त्या 'की'ने कोणाचे काही अडत नाही. लेख तपासताना मी तो खोडतो, आणि बोलणाऱ्याला अडवत नाही. सगळ्या चुका एका मापाने मोजल्या की ऐकणारा कंटाळतो आणि ज्या खरोखर सुधारायच्या त्याही राहून जातात.

'कूपन भेटले नाही' मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण इथे निकाल सोपा नाही. पुण्या-साताऱ्याकडच्या मराठीत माणूस भेटतो आणि वस्तू मिळते. हिंदीत दोन्हींना 'मिलना' पुरते. त्यामुळे 'पुस्तक भेटले' ऐकले की आपण लगेच हिंदीचा शिक्का मारतो. पण विदर्भ-मराठवाड्याकडच्या अनेक बोलींत पैसे, नोकरी, पुस्तक सगळे भेटतेच. तिथल्या माणसाने ते टीव्हीवरून उचललेले नाही, आजीकडून घेतले आहे. मग ते चूक कसे?

याहून स्पष्ट उदाहरण नागपूरचे आहे. 'काय करून राहिला?' असे नागपूरकर विचारतो. 'मी जेवून राहिलो', 'ती येऊन राहिली.' पुणेकराला हे हसू येण्याजोगे वाटते, कारण त्याच्या मराठीत 'तो नागपूरला जाऊन राहिला' म्हणजे तिथे गेला आणि मुक्काम केला. नागपुरी वाक्याचा साचा 'कर रहा है'शी जुळतो, यात शंका नाही. त्यात नवल काय? मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांताची नागपूर ही राजधानी होती, मराठी आणि हिंदी दोन्ही तिथल्या व्यवहाराच्या भाषा होत्या, आणि १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशात होते. पण साच्याकडे जवळून पाहा. हिंदीत 'रहा'च्या आधी नुसता धातू येतो: कर, जा, खा. नागपूरकराने तिथे मराठीचे 'ऊन' लावले: करून, जाऊन, खाऊन. पुढे 'राहिलो, राहिली, राहिले' अशी पुरुष, लिंग, वचन यांप्रमाणे मराठी रूपे चालवली. आणि एक सबंध समाज हे पिढ्यान्‌पिढ्या एकाच नियमाने बोलतो आहे. रचना उसनी असेल, पण तीही 'दुकाना'सारखीच पचली आहे. ती चूक नव्हे, बोली आहे.

तेव्हा पहिल्या कसोटीला दुसरी जोडावी लागते: ही रचना कोणाच्या तरी घरची आहे का? अमरावतीच्या कार्यकर्त्याने व्यासपीठावरून 'कूपन भेटले का?' असे विचारले तर ते त्याचे मराठी आहे, आणि त्याला हसणे हे केवळ पुणेरी उद्धटपण आहे. पण ज्याच्या घरात तीन पिढ्या 'मिळाले' म्हणतात, त्याने हिंदी चित्रपटाच्या नादाने 'भेटले' म्हणायला लागणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याला नवी बोली मिळालेली नाही. त्याच्याकडे दोन क्रियापदे होती, त्यांतले एक हरवले आहे.

सरळ अर्थाचीच अदलाबदल होते असेही काही शब्द आहेत. ते दोन्ही भाषांत एकसारखे दिसतात, पण त्यांचे अर्थ वेगळे असतात. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे छडी. 'मुलांच्या शिक्षेसाठी देणगी द्या' असे आवाहन मराठी कागदावर छापून गेले तर देणगी कोण देईल? हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. इथे तडजोड नाही. 'व्यस्त'ची गोष्ट मात्र निराळी आहे. गणिताच्या पुस्तकात आपण 'व्यस्त प्रमाण' शिकलो, तिथे व्यस्त म्हणजे उलटे. आता मोबाइलवरची बाई सांगते की समोरची व्यक्ती व्यस्त आहे, आणि कोणालाही ती व्यक्ती उलटी टांगलेली दिसत नाही. एक अर्थ गणितात राहिला, दुसरा रोजच्या बोलण्यात आला, आणि दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. मी स्वतः 'कामात आहे' म्हणतो, पण 'व्यस्त'वर रेघ मारणे मी सोडून दिले आहे.

आता आपला नमुना मराठीत लिहून पाहू.

'मंडळी, आजच्या कार्यक्रमात पुष्कळ मुलांनी भाग घेतला आहे. ज्यांना जेवणाचे कूपन मिळाले नाही, त्यांनी दारापाशी बसलेल्या कार्यकर्त्यांना सांगावे. ते तुम्हाला मदत करतील. मागच्या वर्षी काही लोकांच्या बाबतीत असे झाले की जेवण संपून गेले, कारण नोंदणी उशिरा झाली. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या दोस्तांनाही घेऊन या आणि बघा किती मजा येते!'

कूपन, मदत, दोस्त, मजा हे चारही शब्द जागेवर आहेत. बदलली ती क्रियापदे, प्रत्यय आणि लिंग. वाचताना ते संस्कृतप्रचुर झालेले नाही, कृत्रिम झालेले नाही. आपली आई किंवा काकू जसे बोलेल तसेच ते आहे.

आपल्या घरांत याचा उपयोग कसा करायचा? भारतात मूल चुकले तर शेजारी, रिक्षावाला, वर्गातली मुले त्याला नकळत सुधारतात. इथे मुलाच्या कानावर पडणारे मराठी म्हणजे आईवडील, आठवड्यातून एकदा मराठी शाळा आणि आजी-आजोबांचा फोन, एवढेच. हिंदी मात्र चित्रपट, गाणी आणि भारतीय दोस्त यांच्याकडून कितीतरी अधिक येते. त्यामुळे मुलाने 'मला मदत कर' ऐकलेच नाही तर ते तो कधीच म्हणणार नाही, आणि पुढे त्याला ते शिकवणारे कोणी नसेल. म्हणून मुलगा 'आज मजा आला' म्हणाला तर 'मजा' शब्दावरून त्याला अडवू नका. 'हो? कसली मजा आली?' एवढेच विचारा. शब्द त्याचा राहू द्या, प्रत्यय तेवढा आपला द्या. 'माझी मदत कर' म्हणाला तर 'तुला कसली मदत करू?' असे म्हणा. व्याकरणाचे नाव काढायची गरज नाही.

विशेषतः नपुंसकलिंगाकडे लक्ष ठेवा. हिंदीत ते नाही, इंग्रजीत नामांना लिंगाचे प्रत्यय लागत नाहीत, त्यामुळे इथल्या मुलांच्या तोंडून 'माझा घर', 'तो दुकान' येते. घर, दुकान, पुस्तक, जहाज, पाणी हे शब्द 'ते' लावूनच मुलांच्या कानावर घाला. 'दुकान' आपल्याकडे आले तेव्हा मराठीने त्याला 'ते' दिले. आपल्या मुलांच्या तोंडी ते 'ती दुकान' होऊन हिंदीकडे परत गेले, तर फारसी शब्द मराठीतच राहील, पण त्याचे मराठीपण गेलेले असेल.